पाण्याच्या टाकीचा क्वालिटी प्लॅन तपासताना : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

काम असं आहे : काँक्रीटची उघडी पाण्याची टाकी, आतून २४ मीटर बाय १६ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. कंत्राटदाराचा प्रोजेक्ट क्वालिटी प्लॅन दुसऱ्यांदा आमच्याकडे आला आहे आणि आता तो माझ्या टेबलावर आहे. पहिल्या फेरीत आमच्या ऑफिसातून जे शेरे गेले होते त्यांचा नमुना असा : ‘स्वीकृतीचे निकष अपुरे आहेत, पूर्ण करावेत.’ कंत्राटदाराचं उत्तर : ‘नोंद घेतली, पालन केले जाईल.’ प्लॅनमध्ये मात्र एकही ओळ बदललेली नाही. तीन आठवडे गेले आणि दोन्ही बाजूंच्या हाती काहीच लागलं नाही.

म्हणून या वेळी पान एकपासून वाचायचं नाही असं ठरवलं. सुरुवातीची बरीच पानं धोरण, उद्दिष्टं आणि कंपनीची माहिती यांत जातात, आणि ती वाचून संपेपर्यंत डोळा थकतो. खरा प्लॅन शेवटी जोडलेल्या तपासणी व चाचणी आराखड्यात असतो, ज्याला साइटवर सगळे आयटीपी म्हणतात. त्यातलीही सर्वात शेवटची ओळ आधी घेणार आहे : पाणी भरून गळती तपासणं. टाकी ताब्यात घेताना आपल्या हातात कोणता कागद पडायला हवा, हे त्या ओळीवरून ठरतं. तिथून उलटं मागे यायचं.

प्रत्येक ओळीला विचारायचे प्रश्न तीनच. पास-नापास कशावरून ठरणार? ते ठरवणारी एक व्यक्ती कोण? आणि नंतर ते कुठल्या कागदावर दिसेल? हे प्रश्न माझे नाहीत. आयएसओ ९००१:२०१५ चं कलम ८.६ हेच मागतं : निकष पूर्ण झाल्याचा पुरावा, आणि काम पुढे सोडणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचता येईल अशी नोंद. क्वालिटी प्लॅनसाठी आयएसओ १०००५ वेगळं आहे, पण ते मार्गदर्शन आहे, सक्ती नाही. त्यामुळे शेरा लिहिताना आधार कराराच्या स्पेसिफिकेशनचाच घ्यायचा.

५ फेब्रुवारी

गळती चाचणीची ओळ. प्लॅनमध्ये आहे ती अशी : ‘काम – जलरोधकता चाचणी. निकष – दृश्य गळती नसावी. जबाबदारी – क्यूसी/साइट इंजिनिअर. नोंद – चाचणी अहवाल.’ चारही रकाने भरलेले आहेत. नुसता रिकामा रकाना शोधत गेलो असतो तर ही ओळ बिनबोभाट पुढे गेली असती.

आता करारातलं स्पेसिफिकेशन शेजारी ठेवलं. त्यात म्हटलंय : टाकी २४ तासांत २ मीटरपेक्षा जास्त वेगाने भरू नये. भरल्यावर २१ दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यावं आणि या काळात पातळी टिकवावी. त्यानंतर ७ दिवसांची चाचणी. बाष्पीभवन आणि पाऊस यांची वजावट करून पातळीतली घट पाण्याच्या खोलीच्या १/५०० किंवा १० मिमी, यातलं जे कमी असेल त्याच्या आत हवी. आपली खोली ४ मीटर, म्हणजे १/५०० ने ८ मिमी. मर्यादा ८ मिमी.

‘दृश्य गळती नसावी’ हा निकष यातलं काहीच पकडत नाही. तळातून जमिनीत जाणारं पाणी कोणालाच दिसत नाही. भिंतींबाहेर मातीचा भराव आधीच घातला असेल तर भिंतीतली गळतीही दिसणार नाही. आणि वेळापत्रक पाहिलं तर भराव खरोखरच चाचणीच्या आधी लावला आहे! आयटीपीत भरावाची ओळ आहे, पण ‘चाचणी पास झाल्याशिवाय भराव नाही’ असा होल्ड पॉइंट कुठेच नाही.

दुसरी गोष्ट त्याच वेळापत्रकातली. चाचणीला १० दिवस दिले आहेत. भरायला किमान २, मुरायला २१ आणि मोजायला ७ मिळून ३० दिवस होतात, रिकामं करायचे दिवस वेगळेच. निकष आकड्यात लिहिला असता तर हा २० दिवसांचा फरक कंत्राटदाराच्या प्लॅनिंगवाल्यालाच खटकला असता. शेऱ्यात हे मुद्दाम लिहिलं, कारण क्वालिटीच्या कागदाकडे न बघणारा प्रोजेक्ट मॅनेजर वेळापत्रकाकडे नक्की बघतो.

तिसरी बाब बाष्पीभवनाची. उघड्या टाकीतून कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत रोज ५ मिमी सहज उडून जातं, म्हणजे सात दिवसांत ३५ मिमी. मर्यादा आहे ८ मिमीची. म्हणजे जी दुरुस्ती करायची ती मर्यादेच्या चौपट आहे. ती कशी मोजायची हे लिहिलं नाही तर चाचणी पास की नापास हे कोणीच सांगू शकणार नाही, फक्त वाद होईल. उपाय साधा आहे. एक उथळ, न गळणारं भांडं पाण्याने भरून टाकीत भिंतीपासून लांब तरंगत ठेवायचं आणि त्यातली घट रोज त्याच वेळी मोजायची. पाऊस आला तर टाकी आणि भांडं दोन्ही सारखंच चढतात, त्यामुळे तीच वजावट पावसालाही चालते. भांड्याचा काठ पाण्याच्या पुरेसा वर हवा, नाहीतर लाटांचं पाणी आत उडतं आणि आकडा बिघडतो.

एका ओळीवर दिवस गेला. पण बाकीच्या ओळी कशा वाचायच्या ते यातून ठरलं.

८ फेब्रुवारी

आज फक्त ‘जबाबदारी’चा रकाना, वरपासून खालपर्यंत.

‘क्यूसी/साइट इंजिनिअर’ हा तिरका दांडा जवळपास प्रत्येक ओळीत आहे. दोघांपैकी कोणीही सही केली तरी चालेल असा त्याचा अर्थ होतो, म्हणजेच दोघांपैकी कोणीही जबाबदार नाही. त्यात साइट इंजिनिअरवर काम वेळेत ओतायचं दडपण असतं. त्यानेच लावलेलं स्टील त्यानेच पास करायचं, हे मान्य करता येत नाही. शेरा : प्रत्येक ओळीत करणारा, तपासणारा आणि पुढे सोडणारा हे तीन वेगळे रकाने करा, आणि प्रत्येकात एकच पद लिहा.

मग संघटनेचा तक्ता काढला आणि आयटीपीतली पदं एकेक करून त्यावर शोधली. यात सापडलेल्या गोष्टी :

‘वेल्डिंग निरीक्षक’ आयटीपीत आहे, तक्त्यात नाही. उलट तक्त्यात ‘मटेरियल इंजिनिअर’ आहे, पण त्याला आयटीपीत एकही काम नाही, आणि येणारं सिमेंट, स्टील आणि सांध्यातून पाणी जाऊ नये म्हणून बसवायची पट्टी, म्हणजे वॉटरस्टॉप, कोण तपासणार हे कुठेच लिहिलेलं नाही. क्वालिटी मॅनेजरची रेघ फक्त साइटच्या प्रोजेक्ट मॅनेजरकडे जाते. काम थांबवायचा अधिकार त्यांना आहे असं धोरणाच्या पानावर लिहिलंय, पण थांबवलेलं काम पुन्हा सुरू करायला कोणाची सही लागेल ते नाही. प्रोजेक्ट मॅनेजर संध्याकाळी ‘करा सुरू’ म्हणाले तर काय? मुख्य कार्यालयाकडे जाणारी दुसरी रेघ हवी.

सर्वात महत्त्वाचं : भिंतींचं काँक्रीट रात्री ओतायचं असं कामाच्या पद्धतीच्या कागदात आहे, उन्हात काँक्रीट तापू नये म्हणून. ते योग्यच आहे. पण क्यूसीची माणसं दोन, दोघंही दिवसपाळीला. रात्री काँक्रीटचा पातळपणा मोजणारी स्लम्प चाचणी कोण घेणार, ताकद तपासायचे नमुने, म्हणजे क्यूब, कोण भरणार, ट्रक परत पाठवायचा हुकूम कोण देणार? हे प्लॅनच्या एका पानात दिसत नाही. दोन कागद शेजारी ठेवले तेव्हाच दिसलं.

१२ फेब्रुवारी

काँक्रीट आणि वॉटरस्टॉप.

काँक्रीटच्या ओळीत निकष आहे ‘२८ दिवसांना ३० एमपीए’. आकडा आहे म्हणून समाधान वाटतं, पण नमुना कोणता ते लिहिलेलं नाही. आपला वर्ग सी३०/३७ आहे. यातला ३० हा सिलिंडरचा आणि ३७ हा क्यूबचा. साइटवर क्यूब घेणार आहेत. म्हणजे प्लॅनप्रमाणे ३२ चा क्यूब पास होईल, आणि करारानुसार तो नापास आहे. आमच्या करारात ओळख-चाचणीचे नियम आहेत : तीन निकाल असतील तर सरासरी किमान ३८ आणि एकही निकाल ३३ च्या खाली नाही. हे दोन्ही आकडे आयटीपीत जसेच्या तसे लिहायला सांगितले.

पुढचा प्रश्न, २८ दिवसांनी नापास झालं तर? तोवर भिंत उभी असते आणि कदाचित तिच्यावर पुढची लिफ्ट, म्हणजे वरच्या टप्प्याचं काँक्रीटही. नापास कामाच्या प्रकरणात ‘योग्य ती कारवाई’ एवढंच आहे. तिथे मागितलं : ७ दिवसांचा निकाल मिक्स डिझाइनच्या अपेक्षेपेक्षा कमी आला तर त्याच दिवशी कोण कोणाला कळवणार, आणि पुढची लिफ्ट थांबवायचा निर्णय कोणाचा. भिंत तशीच स्वीकारायची सवलत मात्र कंत्राटदाराने स्वतःला द्यायची नाही. ती डिझाइनरच्या लेखी मान्यतेनेच, आणि मान्यता देणाऱ्याचं पद नोंदीत हवं.

वॉटरस्टॉपचा निकष ‘व्यवस्थित बसवलेला असावा’. गळणाऱ्या टाक्यांत सांधा हीच सर्वात संशयास्पद जागा, आणि तिला ‘व्यवस्थित’ हा एक शब्द. आपल्याला हवं ते असं : मधला फुगीर भाग सांध्याच्या रेषेवर, १० मिमीपेक्षा जास्त सरकलेला नाही. कडा स्टीलला तारेने बांधलेल्या, म्हणजे काँक्रीटच्या दाबाने पट्टी वाकणार नाही. पट्टीच्या मधल्या भागातून खिळा मारलेला नाही. कोपरे आणि टी कारखान्यातून आलेले, साइटवर फक्त सरळ जोड, तेही गरम पात्याने वितळवून. प्रत्येक जोड शटर बंद होण्याआधी हाताने वाकवून पाहिलेला, फट किंवा जळका डाग नाही. शटर लागलं की यातलं काहीच दिसत नाही, म्हणून हा होल्ड पॉइंट.

१५ फेब्रुवारी

शेरे लिहायला सुरुवातीच्या अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ लागला, पण पहिल्या फेरीचा धडा तोच होता. ‘अपुरे’, ‘स्पष्ट करावे’, ‘सुधारावे’ हे शब्द पूर्ण वगळले. प्रत्येक शेऱ्यात चार गोष्टी : प्लॅनमधलं वाक्य जसंच्या तसं, कराराचं कलम, त्यामुळे नेमकं काय सुटेल, आणि कोणता मजकूर घातला तर शेरा बंद होईल. शीटच्या वर एक अट लिहिली : ‘नोंद घेतली’ हे उत्तर मानलं जाणार नाही, सुधारित पान आणि ओळ क्रमांक द्यावा.

मजकूर आपणच लिहून देणं धोक्याचं असतं, हे खरं आहे. उद्या काही बिघडलं तर ‘तुम्हीच सांगितलं होतं’ असं ऐकावं लागतं. म्हणून जिथे करारात आकडा आहे तिथे तोच दिला, आणि जिथे पद्धत कंत्राटदाराची आहे (रात्रपाळीची माणसं, भांड्याचा आकार) तिथे फक्त प्रश्न विचारला.

शेऱ्यांना दोन वर्ग केले. पहिल्या वर्गातले बंद झाल्याशिवाय भिंतीचं काम सुरू होणार नाही. दुसऱ्या वर्गातले पुढच्या आवृत्तीत चालतील. शब्दांच्या चुका, लोगो, पान क्रमांक यांबद्दल एकही शेरा नाही. ते दिले की उत्तरं त्यांचीच आधी येतात.

२० फेब्रुवारी

शेरे पाठवून थांबलो नाही, कंत्राटदाराच्या क्वालिटी मॅनेजरना बसायला बोलावलं. एक प्रस्ताव ठेवला : उत्तर भिंतीचा पहिला तुकडा काल रात्री ओतला असं समजू आणि तुमचेच फॉर्म भरून बघू.

पोअर कार्ड घेतलं. स्टील, शटर, कव्हर, साफसफाई यांच्या चौकटी आहेत, वॉटरस्टॉपची नाही. भिंत-तुकड्याचा क्रमांक लिहायला जागा नाही, फक्त ‘स्थान’. ते सहजपणे लिहून गेले : ‘उत्तर भिंत’. मग क्यूबचं रजिस्टर उघडलं. तिथे तारीख, ट्रक क्रमांक, स्लम्प आहे, पण पोअर कार्डचा क्रमांक नाही. मी विचारलं, “समजा २८ दिवसांनी यातला एक क्यूब ३१ ला फुटला. तो ट्रक भिंतीच्या कुठल्या भागात रिकामा झाला, हे या दोन कागदांवरून सांगता येईल का?”

ते थोडा वेळ दोन्ही कागद पाहत राहिले. “नाही सांगता येणार, साहेब. त्या रात्रीच्या फोरमनला विचारावं लागेल.”

“आणि तो तोवर दुसऱ्या साइटवर गेला असेल तर?”

त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिलने रकाने आखले : तुकड्याचा क्रमांक, ट्रकचा अनुक्रम, कुठून कुठपर्यंत भरला, क्यूबच्या संचाचा क्रमांक. हाच क्रमांक क्यूबवर, रजिस्टरमध्ये आणि प्रयोगशाळेच्या अहवालावर राहील. शेरे वाचून हे झालं नसतं. ज्याला तो फॉर्म रात्री दोन वाजता भरायचा आहे त्याने तो एकदा भरून बघितल्यावरच झालं.

नोंदींच्या यादीतही ‘अहवाल’ हा शब्द सतरा ठिकाणी होता. प्रत्येकासमोर फॉर्म क्रमांक, भरणारा, ठेवणारा आणि किती काळ ठेवायचा ते लिहायचं ठरलं. ज्या अहवालाला फॉर्म क्रमांक देता येईना, असे काही निघाले. ते कागद अजून कोणी बनवलेच नव्हते.

२७ फेब्रुवारी

सुधारित आवृत्ती आली. पहिल्या वर्गातले बहुतेक शेरे खरोखर बंद झाले. रात्रपाळीला एक क्यूसी इंजिनिअर आणि एक प्रयोगशाळा सहायक नेमला, तक्त्यात नावासकट. चाचणीला वेळापत्रकात ३० दिवस मिळाले आणि भराव चाचणीनंतर गेला. यावर त्यांच्या प्लॅनिंग विभागाने बरीच कुरकुर केली, पण कलम समोर होतं.

एक गोष्ट मात्र नवीन घुसली आहे. होल्ड पॉइंटच्या खाली वाक्य : ‘सूचना दिल्यानंतर दोन तासांत ग्राहकाचा प्रतिनिधी न आल्यास काम पुढे सुरू करण्यात येईल.’ विटनेस पॉइंटला हे ठीक आहे. तिथे आपल्याला बोलावतात, आपण आलो नाही तर कंत्राटदार स्वतः तपासून पुढे जातो. होल्ड पॉइंटचा अर्थच असा की लेखी सुटका मिळाल्याशिवाय काम पुढे जात नाही. हे वाक्य राहिलं तर वॉटरस्टॉपचा होल्ड पॉइंट नावापुरताच.

६ मार्च

त्या एका वाक्यावर आठवडा गेला. कंत्राटदाराची अडचणही खोटी नव्हती : रात्री शटर तयार असतं, पंप भाड्याने उभा असतो आणि आमचा माणूस येत नाही. मग जबाबदारी आमच्या बाजूलाही लिहिली. सूचना २४ तास आधी, तयारीची खात्री ४ तास आधी, आणि आमच्याकडून रात्रीसाठी सुटका देणाऱ्याचं पद व त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं पद. दोघंही आले नाहीत तर काम थांबेल आणि थांबल्याची वेळ दोन्ही बाजूंच्या सहीने नोंदवली जाईल. ते वाक्य निघालं. प्लॅन दुसऱ्या वर्गातल्या शेऱ्यांसह मंजूर केला.

२१ मार्च

पहिला भिंत-तुकडा. शटर बंद करण्याआधी वॉटरस्टॉप पाहिला. एका सरळ जोडाजवळ पट्टी सांध्याच्या रेषेपासून सरकलेली होती. टेप लावली, १८ मिमी. फोरमन म्हणाला, “एवढं चालतं.” त्यांच्याच रात्रपाळीच्या क्यूसी इंजिनिअरने कार्डवरचा १० मिमीचा रकाना दाखवला आणि पट्टी परत बांधून घेतली. ओतकाम तासभर उशिरा सुरू झालं. मला तोंड उघडावं लागलं नाही.

२ जुलै

गळती चाचणी संपली. मुरण्याच्या काळात निचऱ्याचा व्हॉल्व्ह झिरपताना दिसला. ओळीत ‘चाचणीआधी सर्व पाइपांना ब्लँक फ्लँज’ हे मागाहून घातलं होतं, त्यामुळे सात दिवसांच्या मोजणीत तो हिशोब शिरला नाही. तिसऱ्या रात्री पाऊस झाला, टाकी आणि भांडं दोन्ही १० मिमीने चढलं. सात दिवसांअखेर टाकीतली घट ३१ मिमी, भांड्यातली २५ मिमी, निव्वळ ६ मिमी. मर्यादा ८. भांडं नसतं तर ३१ या आकड्याचं काय करायचं हे कोणालाच सांगता आलं नसतं.

एक त्रुटी अजून उरली आहे. पातळी टाकीच्या चार कोपऱ्यांत मोजली, पण मोजपट्टी वाचणारा दोन दिवस वेगळा होता आणि त्या दोन दिवसांत कोपऱ्यांचे आकडे आपसात २ मिमीने हलले. मर्यादा ८ असताना २ मिमी थोडे नाहीत. दुसऱ्या टाकीच्या ओळीत हुक गेज, त्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि सातही दिवस वाचणारी एकच व्यक्ती, हे घालायचं कंत्राटदाराच्या क्वालिटी मॅनेजरनी स्वतःहून कळवलं आहे. सुधारित पान सोमवारपर्यंत येईल.